एका शब्दात उत्तर का देत नाही

«माझं नक्षत्र रोहिणी, चौथं चरण. त्याचं स्वाती, दुसरं चरण. गुण साडेचौदा, एक नाडी आणि षडाष्टक. त्याचा जन्म दिवाळीतला, वेळ ‘सकाळी आठच्या सुमारास’. एका गुरुजींच्या पत्रिकेत मंगळ बाराव्या घरात आहे, दुसऱ्यांच्या अकराव्या. आईबाबा म्हणतात, एखाद्या जाणत्या ज्योतिषाने हो म्हटलं तरच पुढे जायचं. आमचं चार वर्षांपासून ठरलंय. हे लग्न करावं की नाही, एका शब्दात सांगाल का?»

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दोघांच्या पत्रिका नीट तपशिलासह पाठवल्यात, त्या मी मांडून पाहिल्या. पण ‘हो’ किंवा ‘नाही’ हे मी लिहिणार नाही. हे टाळणं नाही. मी वडिलांच्या हाताखाली पत्रिका करायला शिकले आणि आजही तेच काम करते. या कामावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच ते जिथे संपतं तिथे थांबायला हवं असं मला वाटतं. का थांबते, हे तुमच्याच पत्रिकांवरून सांगते, म्हणजे हे पत्र आईबाबांपुढेही ठेवता येईल.

आधी त्या साडेचौदा गुणांचं बघू. 36 गुण म्हणजे दोन माणसांची 36 अंगांनी केलेली तुलना, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं नाही. वर्णाचा 1, वश्याचे 2, तारेचे 3, योनीचे 4, ग्रहमैत्रीचे 5, गणाचे 6, राशिकूटाचे 7 आणि नाडीचे 8, अशी ती बेरीज आहे. ही आठही कूटं एकाच गोष्टीवरून काढतात: जन्माच्या वेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात आणि कुठल्या राशीत होता. जन्मलग्न नाही, सप्तम स्थान नाही, शुक्र नाही, गुरू नाही, दशाही नाही. तुमची सगळी पत्रिका बाजूला ठेवून फक्त चंद्र उचलायचा आणि त्याच्या चंद्राशेजारी ठेवायचा, एवढंच.

चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे तुमच्या आगेमागे त्या दिवसभरात जगात जी जी मुलगी जन्मली, तिचे या मुलाशी तुमच्याइतकेच साडेचौदा गुण जमतात. नक्षत्रं 27, त्यांतली 9 दोन राशींत विभागलेली, म्हणून पंचांगातल्या गुणमेलनाच्या कोष्टकात मुलींचे 36 प्रकार आणि मुलांचे 36 प्रकार असतात. सगळी माणसं त्या 36 खणांत बसवलेली. तुम्ही कशा वाढलात, तो रागावला की काय करतो, दोघांची चार वर्षं कशी गेली, यातलं त्या कोष्टकाला काहीच ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक असल्याचा त्याचा दावाही नाही. दावा आपण करतो.

आता तुमची बेरीज उघडून बघू. गुण मुख्यतः दोन ठिकाणी गेले आहेत: नाडीचे 8 आणि राशिकूटाचे 7, एकूण 15. रोहिणी अंत्य नाडीची, स्वातीही अंत्य नाडीची, म्हणून नाडीला शून्य. तुमची रास वृषभ, त्याची तूळ. वृषभेपासून तूळ सहावी आणि तुळेपासून वृषभ आठवी, हे षडाष्टक, म्हणून राशिकूटालाही शून्य. पण वृषभ आणि तूळ या दोन्ही राशींचा स्वामी एकच, शुक्र. अशा षडाष्टकाला परंपरा ‘प्रीतिषडाष्टक’ म्हणते आणि त्याचा दोष मानत नाही. म्हणजे एक गुरुजी कोष्टक बघून शून्य लिहितील, दुसरे अपवाद लक्षात घेऊन ‘हरकत नाही’ म्हणतील, आणि दोघेही शास्त्राला धरूनच बोलत असतील. आकडा तोच, निकाल दोन.

नाडीचं तर याहून विचार करायला लावणारं आहे. तुमचा जन्म रोहिणीच्या चौथ्या चरणातला, म्हणजे चंद्र वृषभेच्या 20 अंशांच्या पुढे, रोहिणी संपत आलेली. राशी कुठून मोजायला लागायचं हे अयनांशावरून ठरतं. ही पत्रिका चित्रापक्षाच्या अयनांशाने केली आहे, महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं तशीच चालतात. पण टिळक पंचांग मानणारी घरंही आपल्याकडे आहेत. त्याचे अयनांश जवळपास चार अंशांनी कमी असतात. म्हणून तर त्यांची मकरसंक्रांत 14 जानेवारीच्या आसपास न येता 10 तारखेच्या आसपास येते. त्या पंचांगाने तुमचा चंद्र चार अंश पुढे सरकतो आणि रोहिणी ओलांडून मृगात जातो. त्याचा चंद्र मात्र स्वातीच्या मधल्या भागात असल्यामुळे तिथेही स्वातीतच राहतो.

मृगाची नाडी मध्य. म्हणजे एक नाडी नाही, 8 गुण पूर्ण. ताराही सुधारते, दीडाचे तीन होतात. एकूण बेरीज साडेचौदावरून 24 वर जाते. योनी, वश्य यांच्या कोष्टकात पुस्तकापरत्वे अर्ध्या-एका गुणाचा फरक पडतो, तो सोडून द्या. मुद्दा असा की 18 ही परंपरेने धरलेली किमान मर्यादा. एका पंचांगाने तुम्ही तिच्या बऱ्याच खाली आहात आणि दुसऱ्याने बऱ्याच वर. तुमच्या जन्मवेळी आकाशात होता तो चंद्र एकच होता. बदललं ते मोजायला सुरुवात कुठून करायची, हे. मी स्वतः चित्रापक्षाने काम करते आणि तेच बरोबर मानते. पण दुसरा पक्ष मानणाऱ्यांतही व्यासंगी माणसं होऊन गेली आहेत. ज्या आकड्यावर एवढं अवलंबून आहे, त्याच्यावर तुमचं लग्न मोडायला मला धीर होत नाही. तसंच 24 आले म्हणून लग्न लावून द्यायलाही होत नाही, हे आईबाबांनाही सांगा आणि स्वतःही लक्षात ठेवा.

एक नाडी म्हणजे मुलं होत नाहीत किंवा मुलांत दोष येतो, अशी भीती घातली जाते. हल्ली तिला ‘नाडी म्हणजे रक्तगट’ अशी जोडही देतात. यात तथ्य नाही. रक्तगट आईवडिलांकडून येतो. नाडी चंद्राच्या नक्षत्रावरून ठरते, म्हणून सख्ख्या बहिणींचा रक्तगट एक असून नाडी वेगळी असू शकते. शिवाय नाड्या तीनच, प्रत्येकीत 9 नक्षत्रं. म्हणजे डोळे मिटून कुठलीही जोडी उचलली तरी तिनांत एक जोडी एक नाडीची निघणार. आपल्या आजीआजोबांच्या काळात कित्येक घरी पत्रिकाच नव्हत्या. त्यांच्यातल्याही साधारण तिसऱ्या हिश्शाची नाडी एकच असणार, आणि त्यांची भरलेली घरं आपण पाहिलेली आहेत.

मुलांची काळजी खरंच असेल तर तिचं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं. दोघांनी थॅलेसेमियासाठी रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी म्हणून तपासणी असते. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, आणि ते आधी कळलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढचं ठरवता येतं. घराण्याचं मूळ विदर्भातलं किंवा आदिवासी पट्ट्यातलं असेल तर सिकलसेलचंही विचारा, ते याच तपासणीत दिसतं. तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि त्याचा पॉझिटिव्ह असला तरी घाबरायचं कारण नाही, त्यासाठी गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर द्यायचं इंजेक्शन आहे, फक्त डॉक्टरांना आधी माहीत हवं. माझ्याकडे गुणमेलनाला येणाऱ्या प्रत्येक घराला मी हे सांगते. नाडीशांतीला हजारो रुपये मोजायला तयार असलेली माणसं या तपासणीला मात्र ‘कशाला उगाच’ म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मंगळाच्या बाबतीत तुमचे दोन्ही गुरुजी चुकलेले नाहीत. जन्मलग्नापासून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीपासून, पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की आपल्याकडे ‘मंगळ आहे’ म्हणतात. बारांतली पाच घरं, म्हणजे शंभरांतल्या चाळीसेक माणसांना मंगळ असतोच. घर ठरतं या लग्नावरून, आणि ते सुमारे चार मिनिटांना एक अंश सरकतं, दोन तासांत रास बदलते. त्याच्या जन्मदिवशी सकाळी आठच्या आसपासच तूळ लग्न संपून वृश्चिक लागत होतं. मंगळ कन्येत. बाळ आठच्या पाच-दहा मिनिटं आधी झालं असेल तर लग्न तूळ आणि मंगळ बारावा. पाच-दहा मिनिटं नंतर झालं असेल तर लग्न वृश्चिक आणि मंगळ अकरावा, म्हणजे मंगळ नाहीच. ‘आठच्या सुमारास’ या शब्दांत ही दोन्ही उत्तरं बसतात.

मग खरी वेळ कुठून आणायची? जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ बहुधा नसते. त्याच्या आईकडे बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड असेल तर त्यावर असू शकते, किंवा त्या दवाखान्यात प्रसूतीच्या नोंदींचं जुनं रजिस्टर असलं तर त्यात. मिळाली तरी ती नोंद नर्सबाईंनी हातातलं काम संपवून, भिंतीवरचं घड्याळ बघून केलेली असते. लग्न राशीच्या सीमेवर असताना एवढ्या फरकानेही पत्रिका फिरते. काही जण अशा वेळी ‘वेळशुद्धी’ करून हवं ते लग्न काढून देतात. स्थळ जमवायचं असेल तर मंगळ जातो, मोडायचं असेल तर येतो. तुमच्यासाठी ते मी करणार नाही, आणि कुणी करून दिलं तर त्यावर विसंबू नका. मंगळाच्या माणसाचा जोडीदार दगावतो, हे तर मनातून काढूनच टाका. शंभरांत चाळीस माणसांना लागू पडणाऱ्या गोष्टीने तसं होत असतं तर ते आपल्याला आजूबाजूला दिसलं असतं.

‘मग गुण नका बघू, मंगळही सोडा, पण पूर्ण पत्रिका बघून तरी सांगा,’ असं तुम्ही म्हणाल. सप्तमेश, शुक्र, नवमांश, दशा हे सगळं मी बघते. त्यातून मला माणसाच्या कलाविषयी काही वाटतं, एखादा काळ ओढाताणीचा दिसतो, आणि त्यावर मी बोलतेही. पण तिथेही एक सीमा आहे, आणि ती आमच्या क्षेत्रातल्या कुणी झाकू नये. 2008 मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली, अंधश्रद्धा निर्मूलन समितीची त्यात मदत होती. 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका देऊन विचारलं, यातली कुठली कुठल्या गटातली? 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर येतात. आमच्यातले काही जण म्हणाले, ही चाचणीच योग्य नव्हती. मला मात्र वाटतं, एवढा ढळढळीत फरक पत्रिकेत ओळखता आला नाही, तर एक मुलगा आणि एक मुलगी पुढची चाळीस वर्षं एकमेकांशी कसं वागतील हे त्याच पत्रिकेवरून ठामपणे सांगायचा अधिकार आमच्याकडे उरत नाही.

आणि लग्नात जी माणसं पोळतात, ती कशाने पोळतात? मुलाने नोकरी गेल्याचं लपवलं, घरावर आधीचं कर्ज होतं, लग्नाआधीच हात उगारला होता आणि मुलीने ते ‘एकदाच’ म्हणून सोडून दिलं, सासूला मुलीची नोकरी नको होती आणि हे कुणी मोकळेपणी विचारलंच नाही. यातली एकही गोष्ट पत्रिकेत नसते. ती विचारल्याने कळते, नाहीतर घरी जाऊन, चार माणसांत बसून कळते. तुम्ही चार वर्षं त्याला ओळखता. त्याच्याबद्दल माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहिती आहे, आणि हे मी नम्रपणाने नाही, शब्दशः म्हणते आहे.

आता थोडं तुमच्या घराविषयी, कारण तुमचं घोडं मला वाटतं तिथे अडलंय. आपल्याकडे स्थळाला नकार द्यायचा असला की ‘पत्रिका जमत नाही’ म्हणतात. मुलगी सावळी वाटली, पगार कमी वाटला, जात आडवी आली, गाव लांब पडलं, कारण काहीही असो, समोरच्याला न दुखवता सांगायला हे वाक्य सोयीचं असतं. पिढ्यान्‌पिढ्या ते वापरलं गेलंय. ठरवून होणाऱ्या लग्नात त्याने फारसं बिघडत नाही. पण जिथे मुलांनी आधीच एकमेकांना निवडलंय, तिथे हेच वाक्य खऱ्या कारणाला झाकून टाकतं, आणि झाकलेल्या कारणावर बोलणं होऊच शकत नाही. ‘आमचं नाव न घेता पत्रिका जुळत नाही असं मुलीला सांगा,’ असे आईवडिलांचे फोन मला येतात. मी ते काम घेत नाही. उलट, ‘आईबाबा मानतील असं काहीतरी लिहून द्या,’ असं मुलंही म्हणतात. तेही घेत नाही.

तुमच्या आईबाबांचं तसंच आहे, असं मी म्हणत नाही. त्यांची पत्रिकेवर खरी श्रद्धा असू शकते आणि भीतीही खरी असू शकते. हे ओळखायची एक साधी रीत आहे. त्यांना शांतपणे विचारा: ‘समजा 28 गुण जमले असते आणि मंगळही नसता, तर तुम्ही आनंदाने हो म्हटलं असतं का?’ उत्तर पटकन ‘हो’ आलं तर अडचण पत्रिकेचीच आहे, आणि वर लिहिलेलं रोहिणी-मृगाचं गणित त्यांना दाखवून पुढे बोलता येईल. ते घुटमळले, ‘तसं नाही गं, पण...’ म्हणाले, तर त्या ‘पण’च्या पुढचं ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. तिथे जे निघेल, मग ती त्याची जात असो, नोकरी असो किंवा लेक दूर जाण्याचं दुःख असो, बोलणी त्यावर व्हायला हवीत. कदाचित त्यांच्या काळजीत तथ्यही असेल, तेव्हा तुम्हालाही ऐकावं लागेल.

मी ‘हो’ लिहून दिलं असतं तर काय झालं असतं, याचाही विचार केला. पुढे कधी तुमचं भांडण झालं की आईबाबांनी ज्योतिषाला दोष दिला असता, आणि तुम्ही निर्णय स्वतःचा नव्हता म्हणून सुटलात असतात. ‘नाही’ लिहिलं असतं तर तुम्ही कदाचित मोडलं असतंत, आणि मोडलंत नसतंत तरी प्रत्येक आजारपणात, प्रत्येक अडचणीत ते ‘नाही’ घरात कुणाच्या तरी तोंडी आलं असतं. हे दुसरं मी काही घरांत पाहिलंय. नवरा-बायको चांगली नांदत असतात, पण गर्भपात झाला की सासरी कुणीतरी नाडी काढतं. त्या बाईच्या मनात ते किती खोल जातं, हे समोर बसून ऐकल्याशिवाय कळत नाही. एका शब्दाने असं होणार असेल तर तो शब्द मी का द्यावा?

तुमच्या पत्रिकांवरून मी करू शकेन असं काम आहे, ते आनंदाने करेन. दोघांच्या दशा लावून पुढच्या काही वर्षांत कुणाच्या वाट्याला कामाची ओढाताण जास्त दिसते हे सांगेन, तेही अंदाज म्हणून, म्हणजे त्या काळात नवं घर आणि नवी नोकरी एकदम अंगावर घ्यायची का, यावर दोघांना बोलता येईल. दोन्ही घरांनी ठरवलं की मुहूर्त काढून देईन.

आईबाबांना माझ्याशी बोलायचं असेल तर त्यांना रविवारी सकाळी फोन करायला सांगा, तेव्हा मला सवड असते. त्यांनाही मी हेच सांगेन. शक्य असेल तर तुम्ही दोघं आणि दोन्हीकडचे आईवडील एकत्र या. येताना त्याचं डिस्चार्ज कार्ड मिळालं तर आणा, आणि त्याआधी रक्ततपासणी करून घेतलीत तर तो कागदही. या बैठकीचे मी पैसे घेणार नाही, आणि कुठली शांती सुचवणार नाही.